एमसीबी आणि आरसीसीबी: कोण कशापासून वाचवतं, आणि पडल्यावर काय करायचं

घरात एमसीबी बसवलेत, म्हणजे आता शॉकची भीती नाही, असं समजणारे खूप लोक भेटतात. तसंच आरसीसीबी सारखा पडतो म्हणून वायरमनला बोलावून तो काढून टाकणारे आणि त्या जागी साधा एमसीबी लावून घेणारेही भेटतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: ही दोन उपकरणं एकाच कामाची आहेत, आणि एक असलं की दुसऱ्याची गरज नाही. एमसीबी वायर वाचवतो आणि आरसीसीबी माणूस वाचवतो. एकाचं काम दुसऱ्याला अजिबात जमत नाही. ते का जमत नाही हे आधी आकड्यांत बघू, आणि मग आपल्या बोर्डावर काय आहे ते कसं ओळखायचं, कसं तपासायचं आणि पडल्यावर दोष कुठल्या क्रमाने शोधायचा ते घेऊ.

इशारा: या लेखातलं सगळं काम बोर्डाचं झाकण न उघडता करायचं आहे. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या तारांत वीज असतेच. झाकण उघडावं लागेल असं प्रत्येक काम वायरमनचं.

## १. दोघं नेमकं काय बघतात

एमसीबी फक्त एक गोष्ट बघतो: आपल्यातून किती करंट जातोय. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी तापली की वाकते आणि खटका पाडते. हे काम सावकाश होतं. दुसरी एक कॉइल, जी करंट एकदम प्रचंड वाढला की क्षणात खटका ओढते. पट्टी ओव्हरलोडसाठी, कॉइल शॉर्टसर्किटसाठी.

१६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअर ओलांडताच पडतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नेमलेल्या करंटच्या १.१३ पटीवर, म्हणजे साधारण १८ अँपिअरवर, तो तासभर तरी पडता कामा नये. १.४५ पटीवर, म्हणजे साधारण २३ अँपिअरवर, तो तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात पडेल किंवा पडणारही नाही. आणि झटक्यात पडण्यासाठी सी प्रकारच्या एमसीबीला पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे १६ च्या एमसीबीला ८० ते १६० अँपिअर. बी प्रकाराला तीन ते पाच पट पुरतो. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत.

आरसीसीबीला किती करंट जातोय याच्याशी काही देणंघेणं नाही. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा हिशोब ठेवतो. दोन्ही तारा त्याच्या आतल्या एकाच कड्यातून जातात. जेवढा गेला तेवढाच परत आला, तर कड्यात काहीच घडत नाही, मग तो अर्धा अँपिअर असो की तीस. पण गेलेल्यापैकी थोडा करंट न्यूट्रलने परत न येता दुसऱ्या वाटेने जमिनीत गेला, तर तेवढा फरक पडतो आणि त्या फरकावर खटका पडतो. ती दुसरी वाट अर्थिंगची तार असू शकते, ओली भिंत असू शकते, किंवा माणसाचं शरीर.

घरात माणसांच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वापरतात. ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर. प्रत्यक्षात तो १५ च्या पुढे कधीही पडू शकतो आणि ३० ला पडलाच पाहिजे. पडायला ३० मिलिअँपिअरवर जास्तीत जास्त ०.३ सेकंद लागावेत, आणि पाच पट गळतीवर, म्हणजे १५० मिलिअँपिअरवर, ०.०४ सेकंद.

जुनी माणसं आणि बरेच वायरमन आरसीसीबीला अजून ईएलसीबी म्हणतात. आजच्या बोर्डावरच्या उपकरणाबद्दल बोलताना त्यांना बहुधा हेच म्हणायचं असतं.

## २. एक उदाहरण, शेवटपर्यंत

पाणी तापवणारा गिझर घ्या. २००० वॅटचा, २३० व्होल्टवर चालणारा, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर घेणारा. त्याच्या लाइनवर सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी आहे. आतल्या हीटिंग एलिमेंटच्या नळीला फेजच्या टोकाजवळ तडा गेला, पाणी आत शिरलं आणि टाकीला करंट आला. आता चार घरं कल्पून बघू.

पहिलं घर: अर्थिंग तुटलेलं, आरसीसीबी नाही. टाकीवर जवळजवळ २३० व्होल्ट आहेत, पण करंटला जायला वाट नाही, त्यामुळे काहीच पडत नाही. गिझर नेहमीसारखा पाणी तापवतो. मग कोणीतरी ओल्या हाताने आणि अनवाणी नळाला हात लावतं. ओल्या शरीराचा रोध साधारण १५०० ओहम धरला, तर शरीरातून २३० भागिले १५००, म्हणजे १५० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि पकड सोडवत नाही. ३० च्या पुढे करंट टिकून राहिला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. इथे तर पाच पट आहे. एमसीबीला मात्र काय दिसतं? आधी ८.७ अँपिअर होते, आता ८.८५. त्याच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही. माणूस जाईपर्यंत तो पडणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. तो त्या कामासाठी बनवलेलाच नाही.

दुसरं घर: अर्थिंग आहे, आरसीसीबी नाही. इथे बरेच जण निर्धास्त होतात: अर्थिंग आहे ना, मग एमसीबी पडेल. सगळं अर्थिंग कसलं आहे यावर अवलंबून आहे. अर्थिंगची तार धातूच्या सलग वाटेने वीजपुरवठ्याच्या न्यूट्रलपर्यंत जात असेल, तर पूर्ण वाटेचा रोध एखाद ओहमच असतो, करंट २०० अँपिअरच्या पुढे जातो आणि एमसीबी झटक्यात पडतो. पण घराचं अर्थिंग म्हणजे अंगणात ठोकलेला स्वतंत्र रॉड असेल, तर करंटला मातीतून परतावं लागतं. रॉडचा रोध १८ ओहम आणि पुरवठ्याच्या बाजूचा २ ओहम धरा. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. गिझरचे ८.७ मिळवले तर एमसीबीतून जेमतेम वीस जातात. वरचे आकडे आठवा: १८ ते २३ या पट्ट्यात तो पडेलच असं नाही, आणि पडला तरी वेळ लागेल. तेवढा वेळ टाकीवर २०० च्या वर व्होल्ट उभे आहेत, कारण २३० पैकी बहुतेक दाब रॉडच्या मातीतच खर्च होतो आहे. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही नळाला हात लावणारा सुरक्षित नाही. हा भाग लोकांना सांगूनही पटत नाही, म्हणून आकडे मांडले.

तिसरं घर: अर्थिंग तुटलेलं, पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे. कोणी हात लावेपर्यंत गळतीला वाट नाही, म्हणून आरसीसीबीही गप्प बसतो. हात लागला की १५० मिलिअँपिअरचा फरक पडतो आणि ०.०४ सेकंदाच्या आत पुरवठा तुटतो. शॉक लागतो आणि जोराचा लागतो, कारण आरसीसीबी करंट कमी करत नाही, फक्त त्याचा वेळ कापतो. पण तो वेळ इतका थोडा असतो की माणूस बहुधा वाचतो.

चौथं घर: अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही. तोच १८ ओहमचा साधा रॉड. एलिमेंट फुटताच साडेअकरा अँपिअर, म्हणजे ११,५०० मिलिअँपिअर, अर्थिंगने जमिनीत जातात. आरसीसीबी तिथल्या तिथे पडतो, कोणी नळाला हात लावण्याच्या आधीच. शॉक कोणालाच लागत नाही.

तपासा: तुमचं घर या चारपैकी कोणतं? उत्तर माहीत नसेल तर वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. टेस्टरचा दिवा किंवा अर्थिंगला बल्ब लावून बघणं म्हणजे मोजणी नव्हे.

## ३. बोर्डावर काय आहे ते ओळखा

झाकण बंदच ठेवा, फक्त पुढचा भाग वाचा.

एक फेजचा साधा एमसीबी एक बोटभर रुंद असतो. त्यावर इंग्रजी बी, सी किंवा डी हे अक्षर आणि लगेच पुढे आकडा असतो: ६, १०, १६, २०, ३२. अक्षर झटक्यात पडण्याचा प्रकार सांगतं, आकडा अँपिअर.

आरसीसीबी त्याच्या दुप्पट रुंद, तीन फेजसाठी चौपट. त्याची दोन खात्रीची चिन्हं आहेत. एक, त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, बहुधा इंग्रजी टी अक्षर छापलेलं. दोन, त्यावर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असं छापलेलं असतं. शिवाय ४० किंवा ६३ असा मोठा आकडाही दिसतो, आणि घोळ तिथेच होतो. ६३ अँपिअर ही त्या आरसीसीबीची सोसण्याची मर्यादा आहे. ६३ च्या वर करंट गेला तर तो पडेल असा त्याचा अर्थ नाही. पडणार नाहीच, उलट स्वतः तापून जळेल. म्हणून आरसीसीबीच्या साखळीत एमसीबी लागतोच.

टेस्टचं बटण आहे, आणि अक्षरासह आकडाही आहे, उदाहरणार्थ सी आणि पुढे १६? मग तो आरसीबीओ. एकाच डब्यात दोन्ही कामं.

दुप्पट रुंद आहे पण टेस्टचं बटण नाही, तर तो दोन पोलचा एमसीबी किंवा नुसता मेन स्विच. आमच्याकडे आरसीसीबी आहे असं ठामपणे सांगितलेल्या कित्येक घरांत प्रत्यक्षात हाच निघतो.

तपासा: मिलिअँपिअरचा आकडा १०० किंवा ३०० असेल, तर तो मुख्यतः गळतीतून लागणाऱ्या आगीसाठी आहे. शॉकपासून वाचवायला ३० किंवा त्याहून कमीच लागतो.

आरसीसीबीवर एक छोटी नागमोडी खूणही असते. नुसती लाट असेल तर तो एसी प्रकार. लाटेखाली तुटक अर्ध्या लाटाही असतील तर ए प्रकार. इन्व्हर्टर मोटरची वॉशिंग मशीन, एअर कंडिशनर अशी यंत्रं घरात असतील तर नवीन घेताना ए प्रकार घ्या. अशा यंत्रांची गळती कधी कधी सरळ लाटेची नसते, आणि एसी प्रकाराला ती नीट ओळखता येत नाही.

## ४. टेस्टचं बटण दाबा, पण या क्रमाने

आरसीसीबी वर्षानुवर्षं न हलता बसतो. आतली यंत्रणा नाजूक असते, आणि न हलल्याने ती अडकू शकते. बटण दाबल्याने ती तपासलीही जाते आणि मोकळीही राहते. बऱ्याच उत्पादकांच्या सूचनेत महिन्यातून एकदा दाबा असं असतं. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी दाबा.

१. कॉम्प्युटर नीट बंद करा. श्वासाचं यंत्र किंवा तसं काही वैद्यकीय उपकरण चालू असेल तर आधी त्याची पर्यायी सोय करा.

२. पुरवठा चालू आहे याची खात्री करा. बटणाला वीज लागते. वीज गेलेली असताना दाबून "पडत नाही" म्हणणं ही नेहमीची चूक.

३. बटण क्षणभर दाबून सोडा. खटका लगेच खाली यायला हवा. दाबून धरून ठेवू नका, आतला रोध तापतो.

४. खटका आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. अनेक कंपन्यांचे आरसीसीबी आधी पूर्ण खाली नेल्याशिवाय वर टिकत नाहीत.

इशारा: बटण दाबूनही पडला नाही, तर तो आरसीसीबी निकामी समजा आणि बदलून घ्या. हाताने खटका खाली पडतो म्हणजे तो चालू आहे, असं नाही. हाताने पाडणं आणि गळतीवर पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

बटण काय तपासत नाही, तेही सांगतो. ते आरसीसीबीच्या आतच खोटी गळती तयार करतं. त्यामुळे तुमचं अर्थिंग जोडलेलं आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. अर्थिंग पूर्ण तुटलेल्या घरातही बटण दाबल्यावर खटका झोकात पडतो. किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडला, हेही बटण सांगत नाही. त्यासाठी वायरमनकडे वेगळं मीटर लागतं.

## ५. पडलं, तर आधी कोण पडलं ते बघा

वीज गेली की लोक धावत जाऊन सगळे खटके वर करतात. तसं करू नका. आधी बोर्डाकडे नुसतं बघा, कारण कोण पडलं यातच निम्मं उत्तर असतं.

एमसीबी पडला, आणि बराच वेळ मोठा भार चालू होता: ओव्हरलोड. एकाच लाइनवर हीटर आणि इस्त्री, असं काहीतरी. भार कमी करा, दोनतीन मिनिटं थांबा म्हणजे आतली पट्टी थंड होईल, मग वर करा. गरम असताना तो टिकत नाही आणि उगाच बिघडल्यासारखा वाटतो.

एमसीबी पडला, तेही काही लावताक्षणी आणि फट् असा आवाज होऊन: शॉर्टसर्किट. जे लावलं ते काढा. काढल्यावरही वर केल्याक्षणी पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिसऱ्यांदा वर करू नका.

आरसीसीबी पडला आणि एमसीबी सगळे वरच आहेत: करंट कुठेतरी जमिनीत गळतो आहे. कोणाला शॉक लागला का, हे आधी विचारा.

खटका हाताने वर धरून ठेवला किंवा चिकटपट्टी लावली तरी एमसीबी असो वा आरसीसीबी, आतून तो सुटतोच. तशीच त्याची रचना असते. त्यामुळे त्यातून मिळत काही नाही, फक्त दोषाला पुन्हा पुन्हा वीज दिली जाते.

इशारा: सारखा पडणारा १६ चा एमसीबी काढून ३२ चा लावणं म्हणजे त्रास मिटवणं नव्हे. एमसीबीचा आकडा भिंतीतल्या वायरच्या जाडीवरून ठरतो, यंत्राच्या गरजेवरून नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ चा एमसीबी लावला, तर वायरचं आवरण वितळेल आणि एमसीबी वरच राहील. भार वाढला असेल तर वेगळी आणि जाड लाइन ओढून घ्या.

## ६. आरसीसीबी टिकत नाही: दोष शोधण्याचा क्रम

हा टप्पा नीट वाचा, कारण सर्वांत जास्त चूक इथेच होते. लोक सगळे एमसीबी पाडतात, आरसीसीबी वर करतात, आणि एकेक एमसीबी वर करत जातात. ही पद्धत बऱ्याचदा चालते, पण एका जागी साफ फसवते. एक पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. यंत्रात न्यूट्रल कुठेतरी बॉडीला किंवा अर्थिंगला टेकला असेल, तर त्या लाइनचा एमसीबी खाली असतानाही, घरातल्या दुसऱ्या कुठल्या लाइनवर भार आला की त्याचा थोडा करंट न्यूट्रलमधून अर्थिंगकडे वळतो आणि आरसीसीबी पडतो. मग ज्या लाइनचा काही दोष नाही, तिच्यावर खापर फुटतं. म्हणून एमसीबीच्या आधी प्लग. क्रम असा:

१. आरसीसीबी खाली असतानाच घरातले सगळे प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण भिंतीवरचं बटणसुद्धा फक्त फेज तोडतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, मिक्सर, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं.

२. सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. टिकला नाही तर थांबा: दोष पक्क्या वायरिंगमध्ये, थेट जोडलेल्या यंत्रात किंवा आरसीसीबीतच आहे. वायरमनला बोलवा.

३. टिकला तर एकेक एमसीबी वर करा, प्रत्येकानंतर त्या लाइनचे दिवे-पंखे लावा आणि थोडं थांबा. कुठल्या तरी लाइनवर पडला, तर ती लाइन संशयित. पण खात्री नव्हे, कारण भार आल्याने दुसरीकडचा न्यूट्रलचा दोष जागा झालेला असू शकतो. तसं लिहून ठेवा.

४. सगळे एमसीबी वर आणि आरसीसीबी टिकलेला, म्हणजे दोष बाहेर काढलेल्या एखाद्या यंत्रात. आता एकेक प्लग लावा, यंत्र चालू करा आणि त्याला पूर्ण काम करू द्या. वॉशिंग मशीनचा हीटर धुण्याच्या मधल्या टप्प्यात चालू होतो, फ्रिजचा डिफ्रॉस्ट हीटर काही तासांनी. लगेच पडला नाही म्हणून यंत्राला निर्दोष ठरवू नका.

५. सापडलेलं यंत्र बाजूला ठेवा, आणि दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या सॉकेटमध्येही लावू नका. आरसीसीबी नसलेल्या सॉकेटमध्ये तर नाहीच. तिथे ते चालेल, पण बॉडीला करंट घेऊन चालेल.

तपासा: बराच काळ बंद पडून असलेला गिझर किंवा इस्त्री पहिल्यांदा लावल्यावर आरसीसीबी पडत असेल, तर एलिमेंटमध्ये ओल शिरलेली असू शकते. मेकॅनिककडून एलिमेंटचं इन्सुलेशन मोजून घ्या.

कधी कधी एकही यंत्र दोषी सापडत नाही, तरी आरसीसीबी अधूनमधून पडतो. कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर मोटरची यंत्रं यांच्या आत फिल्टर असतात, आणि ते बिघाड नसतानाही थोडा थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतात, प्रत्येकी एखाददुसरा मिलिअँपिअर. एकाच आरसीसीबीवर अशी पाचसहा यंत्रं असली की बेरीज दहापर्यंत जाते, आणि १५ च्या पुढे तो पडायला मोकळा असतो. मग पावसाळी हवेत थोडी ओल वाढली तरी पुरते. यावर उपाय १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नव्हे. लाइनी दोन आरसीसीबींवर वाटून घ्या, किंवा प्रत्येक महत्त्वाच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ लावा. खर्च वाढतो, पण एका यंत्राच्या दोषाने सगळं घर अंधारात जात नाही आणि दोषही चटकन सापडतो.

## ७. वायरमनकडून बसवून घेताना

तुम्हाला फक्त तीन गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली, आरसीसीबीतून फेज आणि न्यूट्रल दोन्ही गेले पाहिजेत आणि अर्थिंगची तार जाता कामा नये. ती सरळ अर्थिंगच्या पट्टीवर.

दुसरी, प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी. दोन आरसीसीबी लावून सगळे न्यूट्रल एकाच जुन्या पट्टीवर आवळले, तर एकातून गेलेला करंट दुसऱ्याने परत येतो आणि अख्खा भारच गळती म्हणून मोजला जातो. ओळखायला सोपं आहे: ९ वॅटचा दिवा साधारण ४० मिलिअँपिअर घेतो, तेव्हा एवढासा दिवा लावला तरी आरसीसीबी पडतो. अशा वेळी आरसीसीबी खराब आहे म्हणून बदलू देऊ नका, न्यूट्रल तपासायला सांगा. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले असले तरी हाच त्रास होतो.

तिसरी, आरसीसीबीचा मोठा आकडा त्याच्या आधीच्या मुख्य एमसीबीच्या आकड्याएवढा किंवा जास्त हवा. मुख्य एमसीबी ४० चा आणि आरसीसीबी २५ चा, असं चालत नाही.

तपासा: काम झाल्यावर वायरमन जाण्याआधी घरातला मोठा भार एकत्र चालू करा, आणि त्याच स्थितीत टेस्टचं बटण दाबून बघा.

## ८. दोघंही जिथे हात टेकतात

एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला, आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी: अशा वेळी शरीरातून गेलेला करंट न्यूट्रलनेच परत येतो. आरसीसीबीला फरक दिसत नाही, एमसीबीला तो एखाद्या दिव्यासारखा वाटतो. दोघंही पडणार नाहीत. आरसीसीबी आहे म्हणून चालू लाइनवर काम करणाऱ्याने हे कायम ध्यानात ठेवायला हवं.

सॉकेटमधला ढिला स्क्रू हा दुसरा. तिथे ठिणग्या उडतात, प्लग तापतो, प्लास्टिक काळं पडतं, पण करंट वाढत नाही आणि गळतही नाही. त्यामुळे प्लग काढल्यावर त्याच्या पिना हाताला गरम लागत असतील, किंवा सॉकेटभोवती पिवळट डाग दिसत असेल, तर खटका पडण्याची वाट बघू नका. ते सॉकेट वापरणं थांबवा आणि बदलून घ्या. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डचंही तसंच. भिंतीतल्या वायरसाठी नेमलेला १६ चा एमसीबी त्या बारीक वायरला वाचवत नाही. एक्स्टेन्शनवर हीटर, इस्त्री, गिझर लावू नका, आणि जे काही लावाल त्याची वायर अर्ध्या तासाने हाताने चाचपून बघा.

वीज कडाडल्यावर येणारा दाबाचा झटका, आणि तुटलेल्या न्यूट्रलमुळे वाढलेले व्होल्ट यांपैकी कशासाठीही ही दोन्ही बनवलेली नाहीत. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि जास्त दाबावर पुरवठा तोडणारं उपकरण बोर्डात वेगळं लावावं लागतं.